भाटीचं सहावं बोट

मंचेरियलच्या आमच्या गल्लीत एक भाटी आहे. शेपटीच्या जागी तिला जेमतेम दोन बोटांएवढं थुटुक उरलंय. दोन वर्षांपूर्वी लोखंडी फाटकात अडकून बाकीचं शेपूट गेलं. शेजारच्या अक्का तिला ‘पिल्ली’ म्हणतात आणि तिच्या पिल्लांना ‘पिल्ली-पिल्ला’. तेलुगूत पिल्ली म्हणजे मांजर आणि पिल्ला म्हणजे बाळ, त्यामुळे इथे नव्याने आलेल्या मराठी माणसाची हमखास गफलत होते. तर यंदा भाटी व्याली आणि चारही पिल्लं चांगली लांब शेपटीची निघाली. अक्कांना नवल वाटलं, “आईला तोका नाही, मग यांना कुठून आली?” तोका म्हणजे शेपूट.

त्याच आठवड्यात फ्लोरिडाला फिरायला गेलेल्या भाचीने फोटो पाठवला. की वेस्ट गावात लेखक अर्नेस्ट हेमिंग्वेचं घर आहे, तिथली ही मांजर. पुढचे पंजे असे की हातात लोकरीचे मोजे घातलेत असं वाटावं. मोजली तर एकेका पंजाला सहा बोटं. त्या आवारात सुमारे ६० मांजरं आहेत आणि त्यांतल्या जवळपास निम्म्यांना जास्तीची बोटं आहेत. हेमिंग्वे १९३१ ते १९३९ या काळात तिथे राहिला. एका जहाजाच्या कप्तानाने त्याला सहा बोटांचं पांढरं मांजर भेट दिलं, तिथून हे सुरू झालं अशी तिथली दंतकथा आहे. कथा खरी असो वा नसो, बोटं मात्र पिढ्यान् पिढ्या चालत आलीत.

मग आमच्या भाटीचं आखूड शेपूट पुढे का गेलं नाही आणि त्या मांजरांचं सहावं बोट का गेलं?

अंगावरचं आणि बीजातलं

पहिल्या अर्ध्याचं उत्तर जर्मन जीवशास्त्रज्ञ ऑगस्ट वाइझमन याने १८८०च्या दशकात दिलं, तेही जरा निर्दय पद्धतीने. त्याने पाच पिढ्या उंदरांची शेपटं कापली. त्या थुटक्या आईबापांच्या पोटी ९०१ पिल्लं जन्मली आणि एकही बिनशेपटीचं किंवा आखूड शेपटीचं निघालं नाही. अंगावर झालेली जखम अंगावरच राहते. पुढच्या पिढीला मिळतो तो बीजातला मजकूर.

या मजकुराला आपण पाककृतींची वही म्हणू. प्रत्येक मांजराकडे अशा दोन वह्या असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. वहीतली एकेक कृती म्हणजे एकेक जनुक, म्हणजेच शरीराला लागणारं एखादं प्रथिन कसं बनवायचं याची सूचना. आणि जुन्या वह्यांमध्ये समासात असतात तसे इथेही शेरे असतात: ‘हे फक्त सणाला करायचं’, ‘हे शेवटी घालायचं’. कुठे आणि केव्हा, हे सांगणारे हे शेरे कृतीइतकेच महत्त्वाचे. नकल करताना कृतीत किंवा शेऱ्यात एखादं अक्षर चुकतं, आणि ती चूक पुढच्या प्रत्येक नकलेत उतरते. या चुकीलाच उत्परिवर्तन म्हणतात.

बोटं, शेपूट आणि अंगावरचे पट्टे या तिन्ही गोष्टींत चूक एकेका जागचीच आहे, पण ती पिल्लांमध्ये उतरण्याची रीत तिन्हींत निराळी आहे. का, ते कळायला आधी पंजा कसा घडतो ते पाहू.

करंगळीकडून येणारा निरोप

साध्या मांजराला पुढच्या पायाला पाच बोटं असतात. त्यांतलं आतल्या बाजूचं, आपल्या अंगठ्याच्या जागचं, जरा वर असतं आणि जमिनीला टेकत नाही. मागच्या पायाला चार. एकूण १८.

गर्भात पाय फुटतो तेव्हा तो आधी एक चपटा कोंब असतो. अंगठा कुठे आणि करंगळी कुठे हे त्या कोंबातल्या पेशींना कळावं लागतं. त्यासाठी करंगळीच्या कडेच्या मोजक्या पेशी एक प्रथिन तयार करतात आणि ते तिथून पसरत जातं. देवघरात उदबत्ती लावली की जवळच्याला दाट वास येतो आणि ओसरीवरच्याला पुसट, तसंच. जिथे प्रथिन दाट तिथे करंगळी, कमी तिथे मधली बोटं आणि जिथे ते पोचतच नाही तिथे अंगठा. या प्रथिनाच्या जनुकाचं नाव आहे सॉनिक हेजहॉग. हो, तोच व्हिडिओ गेममधला निळा सॉनिक. या जनुकाचं भावंड आधी फळमाशीत सापडलं होतं. त्यात बिघाड झाला की माशीची अळी साळिंदरासारखी काटेरी दिसायची, म्हणून त्याला हेजहॉग म्हणू लागले. पुढे कणा असलेल्या प्राण्यांतलं जनुक मिळालं तेव्हा एका तरुण संशोधकाने गेमचं नाव चिकटवून टाकलं.

हे प्रथिन करंगळीच्या कडेलाच बनवायचं हा समासातला शेरा आहे. सुमारे आठशे अक्षरांचा. नवल हे की तो शेरा कृतीशेजारी नाही. तो जवळजवळ दहा लाख अक्षरं दूर, दुसऱ्याच एका जनुकाच्या पोटात लिहिलेला आहे. डीएनएचा धागा पेशीत गुंडाळीसारखा मुडपलेला असतो, त्यामुळे लिखाणात दूर असलेला शेरा प्रत्यक्षात कृतीजवळ येऊन पोचतो. घरातला दिवा खोलीत आणि खटका ओसरीवर, तसा प्रकार. सापांमध्ये हा खटका मोडकळीला आलाय. २०१६ साली संशोधकांनी सापाचा खटका उंदरात बसवला तेव्हा त्या उंदरांचे पाय नीट फुटलेच नाहीत.

२००८ साली ब्रिटनमधल्या एका गटाने जास्तीच्या बोटांच्या मांजरांचा हा खटका अक्षर अक्षर वाचला. हेमिंग्वेच्या मांजरांत एका ठिकाणी ‘ए’च्या जागी ‘जी’ हे अक्षर होतं. मांजराच्या अख्ख्या वहीत साधारण २५० कोटी अक्षरं असतात, त्यांतलं एक. ब्रिटिश मांजरांत त्याच खटक्यात वेगळ्या जागी चुका मिळाल्या, म्हणजे हे सहावं बोट एकाच पूर्वजाकडून जगभर गेलेलं नाही. माणसांतही अंगठ्याच्या बाजूला जास्तीचं बोट असलेल्या काही घराण्यांत याच खटक्यात बदल सापडलेत. करंगळीशेजारी येणाऱ्या बोटाची कारणं मात्र निराळी, दोन्हींची गल्लत करू नये.

चुकीच्या शेऱ्यामुळे होतं असं, की करंगळीच्या कडेशिवाय अंगठ्याच्या कडेलाही थोडं प्रथिन बनतं. आतल्या बाजूच्या पेशींना निरोप मिळतो, ‘इथेही बोटं काढा.’ म्हणून जास्तीची बोटं नेहमी आतल्या बाजूला येतात आणि पंजा मोजा घातल्यासारखा दिसतो.

आता वारशाकडे. दुसरी वही अगदी बरोबर असली तरी उपयोग होत नाही. एका वहीने नको तिथे मीठ टाकायला सांगितलं की ते पडलंच, दुसऱ्या वहीतला बरोबर शेरा ते काढून घेऊ शकत नाही. एकाच चुकीच्या प्रतीने जो गुण दिसतो त्याला प्रभावी म्हणतात. सहा बोटांच्या भाटीकडे एक चुकीची आणि एक बरोबर प्रत असेल आणि बोका साधा असेल, तर प्रत्येक पिल्लाला चुकीची प्रत मिळण्याची शक्यता निम्मी. चार पिल्लांच्या वेतात दोन तशी निघतील असा अंदाज धरावा, पण एकही न निघण्याची शक्यता सोळात एक आहे आणि चारही तशीच निघण्याचीही तेवढीच. एका वेतावरून निष्कर्ष काढणारा फसतो.

अक्षर एक, बोटं वेगवेगळी

आता गुंता. चुकीचं अक्षर सगळ्यांत तेच असूनही एका मांजराला २० बोटं, दुसऱ्याला २२, तिसऱ्याला २४. कॅनडातल्या जेक नावाच्या बोक्याची २००२ साली २८ बोटं मोजली गेली, प्रत्येक पायाला सात, आणि तो विक्रम ठरला. एकाच मांजराचे डावे-उजवे पंजेसुद्धा कधी कधी जुळत नाहीत.

व्हिएन्ना विद्यापीठातल्या तिघा संशोधकांनी २०१४ साली मेन कून जातीच्या अशा ३७५ मांजरांची बोटं मोजून प्रसिद्ध केली. सगळ्यांत जास्त मांजरांना २० बोटं होती, म्हणजे दोनच जास्तीची. मागच्या पायांपेक्षा पुढच्या पायांवर जास्तीची बोटं जास्त वेळा येतात, हेही त्यात दिसलं. त्यांनी लावलेला अर्थ मला पटतो. अंगठ्याच्या कडेला पोचणारं प्रथिन थोडंसंच असतं आणि तिथली प्रत्येक पेशी जणू उंबरठ्यावर उभी असते. प्रथिन जरा जास्त झालं तर ती उंबरठा ओलांडते, जरा कमी पडलं तर नाही. बांधाच्या काठोकाठ पाणी आलं की ते नेमकं कुठून आणि किती सांडेल हे मातीच्या बारीकसारीक उंचवट्यांवर ठरतं, तसं हे. जनुक पाणी काठापर्यंत आणतं, पुढचं गर्भातले लहानसहान योगायोग ठरवतात.

यातूनच एक अडचण निघते. काही मांजरांत चूक असूनही बोटं १८च भरतात, फक्त आतलं बोट दोन पेरांऐवजी तीन पेरांचं, लांबट होतं आणि जमिनीला टेकतं. नुसती बोटं मोजणारा त्याला साधं समजेल. की वेस्टच्या घरात साध्या पंजांची मांजरंही सहा बोटांचं जनुक बाळगून आहेत असं सांगतात. काहींच्या बाबतीत ते खरं असेल. पण प्रभावी गुणाच्या बाबतीत निम्मी मांजरं तो लपवून बसलीत हे मला अवघड वाटतं. साध्या पंजाच्या बहुतेक पिल्लांना बरोबर प्रतच मिळालेली असते, इतकं साधं ते असावं.

| पिल्लू हातात घेतल्यावर |
|---|
| बोटं: पुढच्या पंजाचं आतलं बोट बघा. ते जमिनीला टेकत असेल किंवा त्याला तीन पेरं असतील, तर बोटं पाच भरली तरी पंजा साधा नाही. |
| नखं: दोन बोटांच्या बेचक्यात आलेलं जास्तीचं नख कुठेच घासलं जात नाही. ते गोल वाढत जाऊन गादीत रुततं आणि मांजर लंगडू लागतं. असं नख दर दोन-तीन आठवड्यांनी पाहून कापावं. |
| शेपूट: तुटलेल्या शेपटाच्या टोकाला व्रण किंवा बोथट हाड लागतं. जन्मजात आखूड शेपूट पहिल्या दिवसापासून तसंच असतं. |
| मागचे पाय: बिनशेपटीचं पिल्लू सशासारखं दोन्ही पाय जोडून उड्या मारत असेल किंवा त्याला शी-शू आवरत नसेल, तर मणक्याचा दोष असू शकतो. जनावरांच्या डॉक्टरांना दाखवावं. |

शेपटाचं काम अर्ध्यावर बंद

आता जन्मतःच शेपूट नसलेली मांजरं. इंग्लंड आणि आयर्लंडच्या मधल्या मॅन बेटावरची मॅन्क्स मांजरं यासाठी प्रसिद्ध आहेत. काहींना शेपटाचा मागमूस नसतो, काहींना बोंडाएवढा उंचवटा, काहींना अर्धं आणि काहींना जवळपास पूर्ण शेपूट.

गर्भात पाठीचा कणा डोक्याकडून मागे मागे वाढत जातो. मागच्या टोकाला जणू विटा पाडणाऱ्यांची एक टोळी असते आणि ती एकामागून एक मणका जोडत सुटते. टोळी कामावर ठेवणारं जे जनुक आहे त्याला ब्रॅकियुरी म्हणतात. ग्रीक भाषेत याचा अर्थच आखूड शेपूट. १९२७ साली पॅरिसमध्ये काम करणाऱ्या रशियन संशोधक नादेझ्दा दोब्रोवोल्स्काया-झावाद्स्काया यांना आखूड शेपटीच्या उंदरात हा दोष प्रथम दिसला. मॅन्क्स मांजरांतही दोष याच जनुकात आहे हे २०१३ साली कळलं, आणि त्यात एक नाही, चार निरनिराळ्या चुका मिळाल्या.

बोटांत शेरा चुकला होता, इथे कृतीचं पानच फाटलंय. एका वहीतलं पान फाटलं तर प्रथिन निम्मंच बनतं. निम्म्या मजुरीवर टोळी कणा तर पुरा करते, पण शेपटापाशी आली की काम टाकून निघून जाते. म्हणून इथेही एकच चुकीची प्रत दिसून येते. दोन्ही वह्यांतली पानं फाटलेली असतील तर मात्र टोळी उभीच राहत नाही आणि गर्भ आईच्या पोटातच संपतो.

याचा पडताळा साध्या मोजणीत मिळतो. दोन बिनशेपटीची मांजरं जुळवली तर गर्भ राहतात त्यांत सरासरी चारातल्या एकाला दोन फाटकी पानं मिळतात, दोघांना एक आणि एकाला एकही नाही. पहिला जन्मतच नाही. जन्मलेल्या तिघांपैकी दोन बिनशेपटीची, एक शेपटीचं. म्हणून नेहमीचं तीनास एक हे प्रमाण इथे कधी येत नाही, दोनास एक येतं आणि वेतही लहान असतात. मॅन्क्स पाळणारे म्हणूनच जोडीतलं एक मांजर शेपटीचं ठेवतात. बिनशेपटीच्या मांजराकडून शंभर टक्के बिनशेपटीची पिल्लं मिळवण्याचा मार्गच नाही.

पूर्व आशियातली आखूड, गाठाळ शेपटाची मांजरं पाहून कुणी त्यांनाही मॅन्क्स म्हणेल, पण ते चूक. जपानी बॉबटेलचं शेपूट हेस-सेव्हन या दुसऱ्याच जनुकामुळे मुडपतं. हे जनुक मणके पाडण्याचा ठेका धरतं. तिथे दोन्ही प्रती बदललेल्या असल्या तरी मांजर ठणठणीत जगतं.

पट्टे आणि भोवरे

आपल्याकडच्या गल्लीतली बरीच मांजरं पट्टेरी असतात. कपाळावर इंग्रजी ‘एम’सारखी खूण आणि कुशीवर माशाच्या काट्यासारख्या उभ्या रेघा. हाच मूळ नमुना. मांजराच्या रानटी पूर्वजांच्या अंगावरही तो होता आणि जुन्या इजिप्तच्या भिंतींवरच्या चित्रांतही तो दिसतो. युरोपात मात्र दुसरा नमुना फार दिसतो. त्यात रेघा फुगून एकमेकींत मिसळलेल्या असतात आणि कुशीवर मोठा भोवरा पडतो. प्राचीन मांजरांच्या हाडांतल्या डीएनएवरून २०१७ साली कळलं, की हा भोवरा खूप उशिरा, चौदाव्या शतकाच्या सुमारास ओस्मानी तुर्कांच्या मुलखात प्रथम दिसतो.

पट्टे केसांत उमटण्याच्या कितीतरी आधी गर्भाच्या कातडीत आखले जातात. अजून एकही केस नसताना कातडी कुठे जाड, कुठे पातळ होते आणि पुढे काळं काय व्हायचं हे तिथेच ठरतं. रंग नंतर भरतात. पाटावर आधी रांगोळीची टिंबं काढून ठेवावीत तसं हे. या आखणीच्या रेघा आपापल्या जागी आवरून धरण्याचं काम टॅकपेप नावाचं जनुक करतं. हे २०१२ साली कॅलिफोर्नियातल्या रस्त्यावरच्या मांजरांवरून कळलं. ते बिघडलं की रेघा पसरतात आणि भोवरा होतो. आफ्रिकेतल्या दुर्मीळ किंग चित्त्याच्या जाड पट्ट्यांमागेही हेच जनुक निघालं.

इथेही पान फाटण्याचीच चूक आहे, पण फरक असा की या कामाला निम्मं प्रथिन पुरतं. एका वहीतलं पान शाबूत असलं की रेघा जागच्या जागी राहतात. भोवरा दिसण्यासाठी दोन्ही पानं फाटलेली लागतात. अशा गुणाला अप्रभावी म्हणतात. दोन पट्टेरी मांजरांच्या पोटी भोवऱ्याचं पिल्लू निघतं ते यामुळेच. दोघेही एकेक फाटकं पान गुपचूप बाळगून असतात आणि चारातल्या एका पिल्लाला ती दोन्ही मिळतात.

काळं मांजरही मुळात पट्टेरीच असतं, त्याच्या पट्ट्यांमधली फिकी जागा रंगवून टाकलेली असते इतकंच. काळं पिल्लू दुपारच्या उन्हात तिरपं धरून पाहिलं तर पट्टे चमकून जातात. पिवळ्या बोक्याचे पट्टे कधीच झाकले जात नाहीत, म्हणून पूर्ण बिनपट्ट्याचा पिवळा बोका सहसा दिसत नाही.

सिमलीपालचे काळे वाघ

टॅकपेपची भारतातली गोष्ट मांजराची नाही, वाघाची आहे. ओडिशाच्या मयूरभंज जिल्ह्यातल्या सिमलीपालच्या जंगलात काही वाघांचे पट्टे इतके जाड आणि एकमेकांत मिसळलेले असतात की वाघ काळाच वाटतो. बंगळुरूच्या एनसीबीएस संस्थेतल्या उमा रामकृष्णन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ साली त्याचं कारण शोधलं. टॅकपेपमधलं एकच अक्षर बदललेलं होतं. भुवनेश्वरच्या नंदनकानन प्राणिसंग्रहालयात साध्या दिसणाऱ्या आईबापांना काळे बछडे झाले होते. त्यांच्या वंशावळीवरून गुण अप्रभावी असल्याचंही पक्कं झालं.

त्या अभ्यासाच्या वेळी सिमलीपालमध्ये सुमारे ३७ टक्के वाघ असे होते. काळ्या वाघाकडे दोन्ही प्रती बदललेल्या असतात. म्हणजे बदललेली प्रत किती पसरली आहे ते काढायला ०.३७चं वर्गमूळ घ्यायचं, ते येतं साधारण ०.६. दहातल्या सहा प्रती बदललेल्या. त्यावरून जवळपास निम्मे वाघ साधे दिसूनही एक बदललेली प्रत बाळगून असणार. दिसायला पूर्ण साधा आणि आतूनही साधा असा वाघ सहा-सातांत एखादाच. वाघ मोजके असले आणि आपापसांत नातेवाईक असले की हा हिशेब थोडा इकडेतिकडे होतो, पण चित्र हेच राहतं.

देशात इतरत्र जंगलात तो बदल सापडला नाही. सिमलीपालचे वाघ मूठभर पूर्वजांपासून वाढले आणि बाहेरचे वाघ तिथे येत नव्हते. त्या मूठभरांत एखाद्याकडे बदललेली प्रत असली की काही पिढ्यांत ती घरोघरी पोचू शकते. आमच्या मंचेरियल जिल्ह्यातल्या जन्नारमपासून कवलच्या अभयारण्याची हद्द सुरू होते. तिथे येणारा वाघ बहुतेक वेळा प्राणहिता ओलांडून, ताडोबाच्या बाजूने आलेला असतो, नवी वही घेऊन. तो रस्ता चालू आहे तोवर इकडचे वाघ पट्टेरीच दिसतील.

हे सगळं मी अक्कांना सांगायला गेलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि भाटीचं एक पिल्लू उचलून माझ्यासमोर उन्हात तिरपं धरलं. काळंकुट्ट होतं ते. पाठीवर पुसट पट्टे होते.